आच्छादन पिकांनंतर सेंद्रिय कर्ब खरंच किती वाढला? मोजणी, खोली आणि घनतेच्या दुरुस्तीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळवा, पलूस, कराड भागात खोडवा मोडल्यावर ताग, धैंचा किंवा चवळी घेऊन जमिनीत गाडणारे बरेच शेतकरी आहेत. तीन-चार वर्षांनी ते माती तपासून घेतात आणि सेंद्रिय कर्बाचा आकडा वर गेलेला दिसतो. तो आकडा किती खरा, हे बहुतेक वेळा त्या अहवालावरून कळतच नाही. इथली उत्तरं मुख्यतः मध्यम ते भारी काळ्या जमिनीसाठी आहेत. उदाहरणातले आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत, कुणा एका शेताचे नाहीत.

अहवालात कर्ब ०.७० चा ०.८० झाला. म्हणजे कर्ब वाढला ना?

वाढला असण्याची शक्यता आहे, पण एवढ्यावरून सांगता येत नाही. ०.८० टक्के म्हणजे शंभर ग्रॅम कोरड्या मातीत ०.८० ग्रॅम कर्ब. शेतात एकूण किती कर्ब आहे ते कळायचं तर त्या खोलीत माती किती वजनाची आहे हेही माहीत हवं. आच्छादन पीक नेमकं हेच वजन बदलतं. मुळं, गांडुळं आणि गाडलेला पाला यांनी जमीन भुसभुशीत होते, आणि वरच्या १५ सेंटीमीटरमध्ये आधीपेक्षा कमी वजनाची माती उरते. गादी पिंजून घेतली की तेवढाच कापूस जास्त जागा व्यापतो, तसंच हे आहे. टक्का वाढला, पण ज्याचा टक्का काढला ती माती घटली. म्हणून दोन्ही एकत्र धरायला हवं.

एकत्र धरायचं म्हणजे हिशेब कसा?

दर हेक्टरी कर्बाचा साठा (टनात) = कर्बाचे टक्के × घनता × थराची जाडी (सेंटीमीटरमध्ये).

घनता म्हणजे बल्क डेन्सिटी: शेतात आहे त्या स्थितीतल्या एक घन सेंटीमीटर मातीचं कोरडं वजन, ग्रॅममध्ये. या एककांत आकडे घातले की उत्तर थेट टन प्रति हेक्टर येतं. ०.७० टक्के, घनता १.३० आणि १५ सेंटीमीटरचा थर असेल तर साठा १३.६५ टन. एकरी हवा असेल तर २.४७ ने भागा.

दोन वर्षांची तुलना आकडे घालून दाखवाल का?

दाखवतो. सगळ्या पानाचा गाभा हाच आहे, म्हणून सावकाश वाचा. उसाचं एक रान घेऊ. पहिला नमुना खोडवा मोडल्यावर काढला. मग चार वर्षांत संधी मिळेल तेव्हा ताग गाडला आणि पुन्हा त्याच जागी नमुने काढले.

| थर (सेंमी) | आधी: टक्के | आधी: घनता | नंतर: टक्के | नंतर: घनता |
|---|---|---|---|---|
| ० ते १५ | ०.७० | १.३० | ०.८० | १.२० |
| १५ ते ३० | ०.५५ | १.४० | ०.५८ | १.३४ |
| ३० ते ४५ | ०.४० | १.४५ | ०.४० | १.४५ |

आधीचा साठा, ३० सेंटीमीटरपर्यंत: १३.६५ आणि ११.५५ मिळून २५.२० टन.

आता नंतरचा साठा तीन प्रकारे निघतो, आणि तिन्ही प्रकारचे अहवाल लोकांच्या हातात असतात.

पहिला प्रकार: घनता पुन्हा मोजलीच नाही, जुनीच वापरली. मग नंतरचा साठा २७.७८ टन येतो आणि वाढ २.५८ टन दिसते. ही फुगलेली वाढ आहे, कारण जमीन हलकी झाल्याचं यात धरलंच नाही.

दुसरा प्रकार: घनता नव्याने मोजली, पण खोली तीच ठेवली, ३० सेंटीमीटर. नंतरचा साठा १४.४० आणि ११.६६ मिळून २६.०६ टन. वाढ फक्त ०.८६ टन. हेही बरोबर नाही, आणि याचं कारण पटकन लक्षात येत नाही. आधी ३० सेंटीमीटरमध्ये हेक्टरी ४०५० टन माती होती. आता तेवढ्याच खोलीत ३८१० टन आहे. जमीन फुगली, म्हणून पूर्वी ३० सेंटीमीटरच्या आत असलेली २४० टन माती आता त्या रेषेच्या खाली गेली. तिच्यातला कर्ब हरवलेला नाही, आपण फक्त तो मोजला नाही.

तिसरा प्रकार, म्हणजे दुरुस्ती: दोन्ही वर्षी सारख्या वजनाची माती तोलायची. आधीची ४०५० टन ही कसोटी धरली, तर नंतरच्या मोजणीत २४० टन कमी पडतात. ते खालच्या ३० ते ४५ च्या थरातून घ्यायचे. त्या थरात ०.४० टक्के कर्ब आहे, म्हणजे २४० टनांत ०.९६ टन. २६.०६ मध्ये ०.९६ मिळवले की २७.०२ टन. खरी वाढ १.८२ टन.

एकाच रानाची, एकाच नमुन्यांची तीन उत्तरं झाली: २.५८, ०.८६ आणि १.८२. यातलं तिसरं धरायचं. या पद्धतीला समान मृदा वस्तुमान पद्धत म्हणतात. खोलीत बोलायचं तर ते २४० टन म्हणजे खालचे जेमतेम १.७ सेंटीमीटर, नंतरच्या वर्षी आपण ३० ऐवजी सुमारे ३१.७ सेंटीमीटरपर्यंत मोजलं एवढंच.

जमीन दबली असेल तर उलटं होतं का?

होतं, आणि आपल्या भागात ते जास्त घातक आहे. तोडणीच्या वेळी ओल्या रानात भरलेली ट्रॉली फिरली की घनता चढते. समजा कर्ब ०.६० टक्केच राहिला आणि ३० सेंटीमीटरची सरासरी घनता १.३० वरून १.४२ झाली. ठरावीक खोलीच्या हिशेबात साठा २३.४० वरून २५.५६ होतो. कर्बात कणभर बदल नसताना २.१६ टन वाढ कागदावर आली. म्हणजे जमीन दाबणाऱ्याला शाबासकी आणि भुसभुशीत करणाऱ्याला कमी गुण. समान वजनाची दुरुस्ती केली की ही खोटी वाढ नाहीशी होते. म्हणून साठ्याची वाढ सांगणाऱ्या अहवालात मी आधी घनतेचा रकाना बघतो. घनता वाढलेली असेल आणि दुरुस्ती नसेल, तर त्या वाढीवर विश्वास ठेवू नका.

नमुना किती खोल घ्यायचा? कार्डासाठी तर १५ सेंटीमीटर घेतात.

मृद आरोग्य पत्रिकेचा नमुना खताची मात्रा ठरवण्यासाठी असतो. त्या कामाला वरचा थर पुरतो. त्या पत्रिकेत सेंद्रिय कर्ब आहे, घनता नाही. त्यामुळे साठ्याचा हिशेब तिच्यावरून होत नाही.

साठ्यासाठी ३० सेंटीमीटर ही जगभर धरली जाणारी किमान खोली आहे. आपल्याकडे तिला आणखी एक कारण आहे. रोटाव्हेटर वरचे १२-१५ सेंटीमीटर ढवळतो, नांगर त्याच्याही खाली जातो. एका वर्षी नांगरट झाली आणि दुसऱ्या वर्षी फक्त रोटाव्हेटर फिरला, तर तोच कर्ब वर-खाली सरकतो. फक्त वरचे १५ सेंटीमीटर मोजणाऱ्याला ते सरकणं वाढ किंवा घट वाटतं.

पण नमुना ३० वर थांबवू नका. वरच्या उदाहरणात ३० ते ४५ चा थर नसता तर ते २४० टन कुठून आणले असते? ३० सेंटीमीटरचा साठा सांगायचा असेल तर तीन थर काढा: ० ते १५, १५ ते ३०, ३० ते ४५. प्रत्येक थराची पिशवी वेगळी.

सरी-वरंब्यात शून्य सेंटीमीटर कुठून धरायचं?

वरंब्याच्या माथ्यापासून ३० सेंटीमीटर आणि सरीच्या तळापासून ३० सेंटीमीटर या दोन वेगळ्या जमिनी आहेत. शक्य असेल तर रान सपाट असताना, म्हणजे सऱ्या पाडण्याआधी नमुना घ्या. उभ्या उसात घ्यावाच लागला तर दोन्ही जागांचे नमुने वेगळे काढा आणि पुढच्या वेळी तसेच काढा. द्राक्षबागेतही हाच नियम: ओळींमधल्या पट्ट्यात आच्छादन पीक असेल तर त्या पट्ट्याचा आकडा वेलीखालच्या बोदाला लावू नका.

काळ्या जमिनीत घनता मोजायची कशी?

वापशावर. हा एक शब्द पाळला तर निम्म्या चुका टळतात. काळी जमीन ओली असताना फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. उन्हाळ्यात ढेकळावर मोजलेली घनता आणि पावसाळ्यानंतर वापशावर मोजलेली घनता यांत एवढा फरक पडतो, की तागाचा परिणाम त्यात बुडून जातो. म्हणून दोन्ही वर्षी मोसम तोच, वापसा तोच, आणि त्या दिवसाचा ओलावा टक्क्यांत अहवालात नोंदवलेला हवा.

साधन म्हणजे लोखंडी कडी. आतला व्यास ५ सेंटीमीटर, उंची ५ सेंटीमीटर असेल तर तिचं आकारमान ९८.२ घन सेंटीमीटर भरतं. लहान खड्डा घ्या आणि प्रत्येक थराच्या मध्यावर सपाट पायरी करा. कडी ठेवा, तिच्यावर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि हलक्या हाताने ठोका. कडी पूर्ण बसली की आतली माती आणि बाहेरची माती एका पातळीत आहे का ते बघा. आतली खाली गेली असेल तर ती दबली आहे; तो नमुना टाकून द्या आणि बाजूला दुसरा घ्या. कडी खुरप्याने खालून सोडवा, दोन्ही तोंडं सुरीने कडेला लागून कापा. कडीच्या काठाशी एखादं ढेकूळ निसटून खळगा पडला तरीही तो नमुना बाद. आत अडकलेली सगळी माती, शेवटच्या चिमटीपर्यंत, पिशवीत गेली पाहिजे.

ती माती ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सिअसला, वजन स्थिर होईपर्यंत, साधारण २४ तास वाळवायची. कोरडं वजन १२७.६ ग्रॅम भरलं तर घनता १२७.६ भागिले ९८.२, म्हणजे १.३०.

आम्ही प्रयोगशाळेला पिशवीत सुटी माती दिली, तरी अहवालात घनता छापून आली. ती वापरू का?

नाही. सुटी, कुटलेली, चाळलेली माती ठरावीक डबीत भरून तिचं वजन करतात आणि त्यावरून घनता काढतात. वेगळ्या कामासाठी ही पद्धत ठीक आहे. पण ती डबीतल्या मातीची घनता आहे, तुमच्या रानाची नाही. रानातली रचना, पोकळ्या, दबलेला थर हे सगळं कुटताना मोडून गेलेलं असतं. ओळखायची खूण सोपी: तिन्ही थरांची घनता जवळजवळ सारखी दिसत असेल, खाली जाताना वाढत नसेल, तर आधी हाच प्रश्न विचारा. तुम्ही कडीतली माती दिली नसेल तर रानाची घनता मोजणं प्रयोगशाळेला शक्यच नव्हतं.

ओव्हनमध्ये वाळवलेली आणि सावलीत वाळवलेली माती यात फरक काय पडतो?

भारी काळी माती सावलीत पूर्ण वाळल्यासारखी दिसली तरी तिच्यात पाणी उरतं. समजा ते ६ टक्के आहे. वरच्या कडीतली माती सावलीत वाळवून तोलली तर १३५.३ ग्रॅम भरेल आणि घनता १.३८ येईल. कर्बाचा टक्काही सावलीत वाळलेल्याच मातीवर आणि तेवढ्याच ओलाव्याला काढला असेल, तर गुणाकारात चूक कटते. घोळ होतो तो एक आकडा एका आधारावर आणि दुसरा दुसऱ्या आधारावर असताना. म्हणून विचारा: दोन्ही आकडे १०५ अंशांच्या कोरड्या वजनावर आहेत का?

कर्ब कोणत्या पद्धतीने काढला याने काय होतं?

बरंच काही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वॉकली-ब्लॅक पद्धत वापरतात. १९३४ सालची ही पद्धत. पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र गंधकाम्ल यांनी कर्ब जाळला जातो आणि उरलेलं डायक्रोमेट मोजून हिशेब लावतात. यात सगळा कर्ब जळत नाही. सरासरी ७७ टक्के जळतो असं धरून उत्तराला सुमारे १.३ ने गुणतात. काही अहवालांत हा गुणाकार केलेला असतो, काहींत नसतो. पहिल्या वर्षी न गुणलेला ०.६० आणि नंतर गुणलेला ०.७८ असे दोन अहवाल शेजारी ठेवले, तर जमिनीत काहीही न घडता ३० टक्के वाढ झालेली दिसेल. ‘सेंद्रिय पदार्थ’ असा रकाना असेल तर तो आकडा कर्बाच्या १.७२४ पट असतो. त्याचीही गल्लत होते.

दुसरी पद्धत कोरड्या ज्वलनाची. यंत्र मातीतला सगळा कर्ब जाळून मोजतं, आणि नेमकी तिथेच आपल्या जमिनींची अडचण येते. काळ्या जमिनीत चुनखडी असते. कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात १२ टक्के कर्ब असतो, म्हणजे मातीत ५ टक्के चुनखडी असेल तर ०.६० टक्के कर्ब निव्वळ चुन्याचा. तो तागाने आणलेला नाही. कोरड्या ज्वलनाचा अहवाल घेताना चुना आम्लाने काढून टाकला का, किंवा वेगळा मोजून वजा केला का, हे लेखी घ्या. घरी ओळखायचं तर मातीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. फेस आला तर चुना आहे.

कृष्णाकाठच्या क्षारपड रानांसाठी आणखी एक. वॉकली-ब्लॅकमध्ये क्लोराइडही डायक्रोमेट खातं, त्यामुळे कर्ब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो. त्यावर उपाय म्हणून आम्लात सिल्व्हर सल्फेट घालतात. तुमच्या मातीची क्षारता जास्त असेल तर प्रयोगशाळेला हे आधीच सांगा. चर काढून क्षार धुऊन गेले आणि कर्ब ‘घटला’, असं दिसलं तर घाबरण्याआधी हे तपासा.

मुरमाड रानात काय वेगळं?

खटाव, माण, आटपाडी, जत भागात कडीत खडे येतातच. २ मिलिमीटरच्या चाळणीवर राहिलेले खडे वेगळे तोला. प्रयोगशाळा कर्ब फक्त चाळणीखालच्या मातीवर काढते, म्हणून साठ्याच्या हिशेबात घनताही त्याच मातीची हवी: चाळणीखालच्या मातीचं कोरडं वजन भागिले कडीचं पूर्ण आकारमान. कडीत एकूण १५० ग्रॅम आणि त्यात ३० ग्रॅम खडे असतील तर १.५३ नव्हे, १.२२ धरायची.

ताग गाडल्यावर लगेच नमुना घेतला तर चालेल?

नको. गाडलेला हिरवा पाला काही आठवड्यांतच मोठ्या प्रमाणात कुजून वायूरूपाने उडून जातो. त्याचे बारीक तुकडे चाळणीतून खाली गेले की कर्ब चढा दिसतो, पण तो टिकणारा नाही. पहिला नमुना आच्छादन पिकाच्या आधी घेतला असेल तर शेवटचाही पुढचं आच्छादन पीक पेरण्याच्या आधी घ्या. दिसतील ती मुळं आणि पाचटाचे तुकडे दोन्ही वर्षी सारखेच वेचून काढा.

किती ठिकाणी खड्डे घ्यायचे? आणि ती १.८२ टन वाढ खरी मानायची का?

आधी अपेक्षा किती ठेवायची ते बघू. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात आच्छादन पिकांखाली वर्षाला हेक्टरी सरासरी ०.३२ टन कर्ब वाढल्याचं दिसलं, तेही साधारण वरच्या २२ सेंटीमीटरमध्ये आणि मुख्यतः थंड हवामानाच्या देशांत. म्हणजे तीन वर्षांत सुमारे एक टन. हेक्टरी पंचवीस टनांत एक टन शोधायचा आहे, आणि एकाच रानात दोन टोकांचा साठा दोन-तीन टनांनी सहज वेगळा निघतो.

म्हणून जागा बदलू नका. दहा ठिकाणं ठरवा, मोबाइलवर त्यांचे अक्षांश-रेखांश नोंदवा, बांधापासूनचं अंतरही टेपने मोजून वहीत लिहा, कारण मोबाइल काही मीटर चुकतो. नंतर प्रत्येक ठिकाणापासून दीड-दोन मीटरच्या आत पुन्हा नमुना घ्या आणि त्या-त्या ठिकाणचा फरक काढा. समजा दहा फरकांची सरासरी १.८२ टन आली आणि त्यांचं प्रमाण विचलन २ टन. सरासरीची चूक २ भागिले दहाचं वर्गमूळ, म्हणजे ०.६३. ९५ टक्के खात्रीची पट्टी काढायला दहा जोड्यांसाठी ती २.२६ ने गुणायची: १.४३. म्हणजे वाढ साधारण ०.४ ते ३.२ टनांच्या दरम्यान कुठेतरी आहे. वाढ झाली एवढं म्हणता येतं. नेमकी किती, ते अजून धूसर आहे. पाचच ठिकाणं घेतली असती तर एवढंही म्हणता आलं नसतं.

दहा ठिकाणची माती एकत्र कालवून एकच नमुना दिला तर पैसे वाचतात, पण ०.४ ते ३.२ अशी ही पट्टी कायमची हातची जाते. वजन समान करण्याचा हिशेबही प्रत्येक ठिकाणचा स्वतंत्र करा.

मळी किंवा तलावातला गाळ टाकला असेल तर?

मळीतला कर्ब बाहेरून आला, तो आच्छादन पिकाच्या खात्यावर मांडू नका. त्यासाठीच शेजारी एक पट्टा हवा, जिथे बाकी सगळं तेच आणि फक्त आच्छादन पीक नाही. गाळाचं प्रकरण वेगळं आहे. गाळाने वर नवीन माती चढते, त्यामुळे ‘आधीची तीच ४०५० टन’ हा आधारच मोडतो. ज्या वर्षी गाळ टाकला ते वर्ष नवी सुरुवात धरा.

आमच्याकडे जुना अहवाल फक्त १५ सेंटीमीटरचा आहे, घनता नाही. काही करता येईल?

त्या अहवालातून साठा काढता येणार नाही. पुस्तकातली घनता घालून काढलेला आकडा वर दाखवलेल्या पहिल्या प्रकारासारखाच फुगेल किंवा दबेल. आजच्या वापशावर तीन थरांची नवी सुरुवात करा. प्रत्येक नमुना वाळवून, चाळून त्याची पाव किलो माती काचेच्या झाकणबंद बरणीत ठेवा. बरणीत ठिकाण, थर आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी टाका. चार वर्षांनी नवी माती पाठवाल तेव्हा ही जुनी मातीही सोबत द्या आणि दोन्ही एकाच दिवशी, एकाच पद्धतीने तपासायला सांगा. तोपर्यंत प्रयोगशाळेतला माणूस, रसायन किंवा यंत्र बदललेलं असेल, तरी दोन्ही वर्षांच्या मातीला तो बदल सारखाच लागेल.